सहाव्या दिवशी ९६% दाखवतंय, स्प्लिट टेस्ट बंद करू का?

विणकर_पूर्वभाग
नमस्कार मंडळी. आमचा चादरी-टॉवेलचा घरचा धंदा आहे, सोलापुरातच. दुकानाबरोबर स्वतःच्या वेबसाइटवरूनही विकतो. चादरीच्या पानावर सध्या एक टेस्ट लावली आहे. जुन्या पानावर (ए) घडी घातलेल्या चादरीचा फोटो आहे. नव्या पानावर (बी) तीच चादर पलंगावर अंथरलेली दिसते आणि लांबी-रुंदी फुटांत ठळक लिहिली आहे, कारण "सिंगल आहे का डबल?" हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा येतो.

रोज साधारण ८०० माणसं पानावर येतात, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. आज सहा दिवस झाले:

ए: २,४०० माणसं, ६६ ऑर्डरी
बी: २,४०० माणसं, ९२ ऑर्डरी

टूल हिरव्या रंगात सांगतंय की बी ३९% पुढे आहे आणि खात्री ९६%. धंद्यात मावसभाऊ भागीदार आहे. तो म्हणतो, आजच बी सगळ्यांना लावू आणि उरलेल्या सगळ्या डिझाइनचे तसेच फोटो काढून घेऊ. फोटोचा खर्च बऱ्यापैकी आहे, म्हणून मी थांबलोय. किती दिवस टेस्ट चालवायची ते सुरुवातीला ठरलेलं नव्हतं. बंद करू का?

जाहिरात_जुळेसोलापूर
करून टाका की ओ. मी पाच-सहा दुकानदारांच्या जाहिराती बघतो. ९५ च्या वर गेलं की विषय संपला. चुकायची शक्यता फक्त ४%. जेवढे दिवस ए चालू ठेवाल तेवढे दिवस रोज चार-पाच ऑर्डरी हातच्या घालवाल. सीझन तोंडावर आहे.

शून्यगृहीतक
@विणकर_पूर्वभाग, उत्तर देण्याआधी दोन प्रश्न. या सहा दिवसांत टूल किती वेळा उघडून बघितलंत? आणि आज ९६ ऐवजी ८० दिसलं असतं तर टेस्ट बंद केली असती का?

विणकर_पूर्वभाग
रोज सकाळी बघतो ताई, कधी रात्रीही. ८० असतं तर कशाला बंद केली असती, अजून चालवली असती.

शून्यगृहीतक
मग अडचण तिथेच आहे. मी पुण्यात औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र बघते, तिथेही हाच प्रश्न रोजचा आहे.

तुम्ही रोज सकाळी विचारता, "आज रेषा ओलांडली का?" ओलांडली असेल तर टेस्ट बंद, नसेल तर उद्या बघू. म्हणजे बीला जिंकायची संधी रोज नव्याने मिळते, आणि हरली असं तुम्ही कुठल्याच दिवशी म्हणणार नाही. ९५% ची रेषा आखलेली असते ती एकदाच, आधी ठरवलेल्या जागी बघण्यासाठी. तसं बघितलं तर दोन्ही पानं अगदी एकसारखी असतानाही शंभरातल्या पाच टेस्ट उगाचच "फरक आहे" म्हणतात. तेवढी चूक आपण समजून-उमजून पत्करलेली असते. पण दर वेळी बघायचं आणि रेषा ओलांडली की थांबायचं असं केलं की पाच पाच राहत नाहीत. आर्मिटेज, मॅकफर्सन आणि रो यांनी १९६९ मध्येच याचा हिशेब मांडला होता. दोनदा बघितलं तर पाचाचे आठ होतात, पाचदा बघितलं तर चौदा, दहादा एकोणीस, वीसदा जवळजवळ पंचवीस. आजच्या आकड्यात कालचा आकडा असतोच, त्यामुळे प्रत्येक बघण्याचे नवे पाच सरळ मिळवता येत नाहीत. पण वाढ कधी थांबतही नाही. बघतच राहिलात तर सारख्या पानांतही कधी ना कधी "विजेता" निघणारच.

दुसरी गोष्ट त्या ३९ ची. तुमच्याकडे शंभरातले तीन जण ऑर्डर देतात. २,४०० माणसांवर ती ९५ ची रेषा ओलांडायला दोन्ही पानांत किमान एक टक्क्याचा फरक दिसावा लागतो, म्हणजे तीनचे चार. आता बीचा खरा फायदा अर्ध्या टक्क्याचा आहे असं धरा. तोही चांगलाच फायदा आहे. पण सहाव्या दिवशी तो आहे तेवढाच दिसला तर रेषा ओलांडणारच नाही. ओलांडायची तर नशिबाने दुप्पट फुगून दिसावा लागेल. म्हणून लवकर थांबवलेल्या टेस्टचे आकडे नेहमी गुबगुबीत असतात, फरक खरा असला तरीही. तुमच्या याच आकड्यांवरून खरा फरक ०.०७ टक्क्यापासून २.१ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, आणि हा पल्लाही रोजचं बघणं धरलेलं नसताना. ३९ वर विसंबून फोटोंचा खर्च करू नका.

जाहिरात_जुळेसोलापूर
ताई, तुमच्या औषधात माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. इथे फोटो बदलायचाय. आणि टूलवाले मोठे लोक आहेत, ते खोटं कशाला दाखवतील?

शून्यगृहीतक
टूल खोटं बोलत नाही. आज थांबायचं आधीपासून ठरलं होतं असं समजून ते आकडा दाखवतं. तुम्ही ९६ दिसलं म्हणून थांबताय हे त्याला माहीत नाही. शिवाय ९६ म्हणजे "बी चांगलं असण्याची शक्यता ९६%" असा अर्थ नाही, आणि त्यामुळे चुकायची शक्यता ४% हेही बरोबर नाही. दोन्ही पानं सारखीच असती तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसला असता, याचं उत्तर शंभरात चारदा. प्रश्नच वेगळा आहे.

फोटोचं म्हणाल, तर धोका किती झेपतो ते धंद्याने ठरवावं. उद्या कोणी म्हणालं, मला २०% खोटे विजेते चालतात, तर मी वाद घालणार नाही. फक्त ते २० आहेत हे माहीत असू दे, पाच समजून नको.

पायथॉन_विजापूररोड
हे करून बघितलं. दोन्ही बाजूंना एकच पान, दोन्हींचा दर ३%, रोज ४००-४०० माणसं, ३५ दिवस. दहा हजार खोट्या टेस्ट:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
din, roj, p, N = 35, 400, 0.03, 10000
n = roj * np.arange(1, din + 1)
roj_baghun = shevti = 0
for _ in range(N):
    a = rng.binomial(roj, p, din).cumsum()
    b = rng.binomial(roj, p, din).cumsum()
    q = (a + b) / (2 * n)
    z = (b - a) / n / np.sqrt(2 * q * (1 - q) / n)
    roj_baghun += (abs(z) > 1.96).any()
    shevti += abs(z[-1]) > 1.96
print(roj_baghun / N, shevti / N)
```

फक्त शेवटच्या दिवशी बघितलं तर शंभरात पाचच्या आसपास खोटे विजेते. रोज बघून पहिल्या हिरव्या दिवशी थांबलं तर शंभरात २८-३०. आधी मला वाटलं कोडमध्येच काहीतरी चुकलंय. मग दहा-बारा टेस्टचा z, म्हणजे दिसणारा फरक योगायोगाच्या नेहमीच्या चढउताराच्या किती पट आहे तो आकडा, कागदावर काढून बघितला. एखादी टेस्ट सातव्या दिवशी दोनच्या वर जाते, बाराव्या दिवशी शून्याला येते, विसाव्याला उलट्या बाजूला. आपण फक्त सातवा दिवस बघून घरी जातो.

अक्कलकोटरोड_लूम
मी वेबसाइटवाला नाही, टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मथळ्यात "टेस्ट" दिसलं आणि आधी वाटलं धुलाईनंतर रंग जातो का त्या टेस्टबद्दल चाललंय. पण वाचल्यावर एक शंका आली. निर्यातीच्या मालाला खरेदीदाराचा तपासनीस येतो तेव्हा तोही एका दमात निर्णय घेत नाही. ५० नग काढतो. दोनपर्यंत खराब निघाले तर लॉट पास, पाच किंवा जास्त निघाले तर नापास. तीन-चार निघाले तर आणखी ५० काढतो. म्हणजे तोही मधेच बघून थांबतोच की. मग त्याचं बरोबर आणि या पोराचं चूक, असं कसं?

शून्यगृहीतक
काका, या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न तुम्ही विचारलात. मधे बघणं चूक नाही. फरक एवढाच, की दुसऱ्या ५० नंतर काय, हेही तुमच्या तपासनिसाच्या कागदावर आधीच छापलेलं असतं. दोन्ही मिळून सहापर्यंत खराब चालतील, सात झाले की लॉट परत, असंच ना?

अक्कलकोटरोड_लूम
अगदी असंच. सहा पास, सात नापास. आणि आम्ही कितीही विनवण्या केल्या तरी तिसरे ५० काढत नाही.

शून्यगृहीतक
तिथेच सगळं आहे. कितीदा बघणार, कुठे थांबणार, प्रत्येक टप्प्याची रेषा कोणती, हे माल बघायच्या आधी ठरलं आणि दोनदा बघण्याची किंमत रेषांमध्येच धरली. गंमत म्हणजे या शास्त्राचा उगमही कारखान्यातल्या मालतपासणीतच आहे. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड यांनी टप्प्याटप्प्याने तपासायचं गणित बसवलं ते युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी.

स्प्लिट टेस्टलाही तसंच करता येतं. @विणकर_पूर्वभाग, दर आठवड्याला एकदा असं पाचदा बघायचं ठरवलंत, तर ओब्रायन-फ्लेमिंग पद्धतीने z च्या रेषा अशा येतात: पहिल्या आठवड्याला ४.५६, मग ३.२३, २.६३, २.२८ आणि शेवटी २.०४. सुरुवातीला रेषा फार वर, कारण तेव्हा आकडे सगळ्यात जास्त उड्या मारतात. शेवटची जवळजवळ ९५% च्या नेहमीच्या १.९६ एवढीच. तुमचा आजचा z काढला तर २.१ येतो. पहिल्या आठवड्याच्या ४.५६ पुढे तो कुठेच नाही.

जाहिरात_जुळेसोलापूर
हे सगळं जुन्या पद्धतीच्या टूलला लागू असेल. आम्ही वापरतो ते बेजियन आहे. त्यात कधीही बघा, कधीही थांबवा, फरक पडत नाही. कंपनीच्या वेबिनारमध्येच सांगितलं होतं.

शून्यगृहीतक
निम्मं बरोबर आहे. बेजियन पद्धतीत आधी एक अंदाज घालतात आणि आकडे येतील तसा तो बदलत नेतात. तो आधीचा अंदाज खरोखर विचार करून घातला असेल, तर थांबायच्या नियमामुळे बेजियन उत्तराचा अर्थ बदलत नाही, हे तत्त्वतः खरं. पण बरीच टूलं "काहीच माहीत नाही" असा सपाट अंदाज घालतात. मग शून्यापासून कितीही मोठा फरक त्यांना सारखाच शक्य वाटतो, आणि "बी चांगलं असण्याची शक्यता ९५% झाली की थांबा" हा नियम सारख्याच पानांवर रोज लावला तर खोटे विजेते तिथेही ढिगाने निघतात. पायथॉनवाल्यांच्या कोडमध्ये बदल करून हे स्वतः तपासता येईल.

जाहिरात_जुळेसोलापूर
पण मग बेजियनवाले म्हणतात की खोटे विजेते मोजणं हाच चुकीचा निकष आहे. पान बदलून नुकसान किती होईल ते बघा म्हणतात.

शून्यगृहीतक
म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. अपेक्षित नुकसान हा धंद्यासाठी चांगला निकष आहे. या वादात आमच्या क्षेत्रातली शहाणी माणसं दोन्ही बाजूंना आहेत, इथे तो मिटायचा नाही. माझं म्हणणं एवढंच, की "बेजियन आहे म्हणून बिनधास्त" हे वेबिनारचं वाक्य झालं.

विणकर_पूर्वभाग
आता मला सांगा, टेस्ट किती दिवस चालवायची हे काढायचं कसं? नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये चार रकाने आहेत आणि त्यातला एकच मला भरता येतो.

शून्यगृहीतक
अवघड रकाना एकच आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्या वहीत आहे. बीमुळे ऑर्डरी कमीत कमी किती वाढल्या तर फोटोंचा खर्च भरून निघेल?

विणकर_पूर्वभाग
मावसभावाबरोबर बसून हिशेब केला. सगळ्या डिझाइन, पलंग-खोलीचं भाडं आणि फोटोग्राफर धरून, ऑर्डरी २०% वाढल्या तर वर्षभरात परवडतं. त्याच्या आत नाही.

शून्यगृहीतक
छान. ३% चे ३.६% व्हायला हवेत, म्हणजे ०.६ टक्क्याचा फरक पकडायचाय. अंदाजासाठी हे पुरतं:

```
n = 16 * p * (1 - p) / d**2
```

p म्हणजे दोन्ही दरांची सरासरी, ०.०३३. d म्हणजे फरक, ०.००६. एका बाजूला साधारण १४,००० माणसं येतात. सूत्रातल्या १६ मध्येच दोन गोष्टी धरल्या आहेत: खोट्या विजेत्यांसाठी ५% आणि फायदा खरोखर २०% असेल तर शंभरातल्या ८० वेळा तो सापडावा ही अपेक्षा. दोन्ही बाजू मिळून २८,०००, रोजचे ८००, म्हणजे ३५ दिवस. नेमके पाच आठवडे होतात हे बरंच झालं, कारण रविवारचं गिऱ्हाईक आणि मंगळवारचं गिऱ्हाईक वेगळं असतं. टेस्ट नेहमी पूर्ण आठवड्यांत मोजावी. तुमच्या सहा दिवसांत एक वार तर आलाच नाही.

वरच्या पाच रेषा लावून बघणार असाल तर माणसं जेमतेम तीन टक्के जास्त लागतात. नाही वाढवली तरी ८० चे ७९ होतील एवढंच.

शेंगाचटणी_घरची
मधेच विचारते. माझी शेंगाचटणीची छोटी साइट आहे, दिवसाला ६० जण येतात. याच हिशेबाने माझी टेस्ट किती दिवस?

पायथॉन_विजापूररोड
२८,००० भागिले ६०... ४६० च्या वर. सव्वा वर्ष.

शेंगाचटणी_घरची
मग मी काय करायचं? रोज बघूनच ठरवते मी तर.

शून्यगृहीतक
ताई, तुम्ही ऑर्डरीवर टेस्ट करू नका. पकडायचा फरक दुप्पट केला की माणसं जवळजवळ चौपटीने कमी लागतात, म्हणून छोट्या साइटने बटणाचा रंग वगैरे सोडून मोठा बदल तपासावा. किंवा आधीची पायरी मोजा. किती जण चटणी कार्टमध्ये टाकतात? समजा १२% टाकतात आणि ते १५% व्हावेत असं वाटतं, तर एका बाजूला साधारण २,१०० माणसं पुरतात. ६० च्या हिशेबाने दहा आठवडे. तरी जास्तच आहेत. आणि कार्टमध्ये टाकणारा घेतोच असं नाही, ही त्यातली खोट. दिवसाला ६० असताना मी तरी दहा गिऱ्हाइकांना फोन करून विचारेन, ते टेस्टपेक्षा जास्त सांगतील.

शेंगाचटणी_घरची
फोन तर मी करतेच. बहुतेक जण तिखट कमी करा म्हणतात, ते मी करणार नाही.

विणकर_पूर्वभाग
एक राहिलं. आता मी सहा दिवस बघून बसलोय. ते आकडे धरून पुढे २९ दिवस चालवू का पुन्हा पहिल्यापासून?

पायथॉन_विजापूररोड
धरा की. ४,८०० माणसांचा डेटा फुकट कशाला घालवायचा? बघितल्याने डेटा बिघडत नाही.

शून्यगृहीतक
बघितल्याने बिघडत नाही हे खरं. ३५ दिवस आधी ठरले असते, तर सहाव्या दिवशी बघूनही काही बिघडलं नसतं, थांबला नाहीत की झालं. पण इथे ३५ दिवसांचा बेत ठरला तोच बी पुढे दिसल्यावर. बी मागे असतं तर हा धागा तरी निघाला असता का? ती आघाडी पुढच्या हिशेबात फुकट मिळते. मी नव्याने सुरू करेन. तुमच्यासारखा विचार करणारेही आमच्यात आहेत, पण फोटोंचा खर्च पणाला असताना मला सहा दिवस स्वस्त वाटतात.

मधे एकच गोष्ट रोज बघा: दोन्हीकडे माणसं सारखी येताहेत ना. १४,००० ला १३,२०० असं काही दिसलं तर वाटपातच गडबड आहे, टेस्ट लगेच थांबवा. पान मोबाइलवर उघडतंय ना, पैसे भरता येताहेत ना, हेही बघा. त्याला कसलाही नियम आड येत नाही.

विणकर_पूर्वभाग
(पाच आठवड्यांनी) धागा वर काढतोय. नव्याने सुरू केली, दर सोमवारीच बघितली. दुसऱ्या सोमवारी टूल पुन्हा हिरवं झालं होतं, z दोनला टेकलेला. रेषा ३.२३ होती म्हणून हात लावला नाही, मावसभाऊ दोन दिवस बोलत नव्हता. शेवटचे आकडे:

ए: १४,००० माणसं, ४२७ ऑर्डरी
बी: १४,००० माणसं, ४५१ ऑर्डरी

३९ चे साडेपाच-सहा टक्के झाले. z ०.८. म्हणजे बी बेकार?

शून्यगृहीतक
बेकार नाही. फरक ०.१७ टक्क्याचा दिसतोय आणि खरा फरक साधारण उणे ०.२४ पासून अधिक ०.५८ पर्यंत कुठेही असू शकतो. तुम्हाला ०.६ हवा होता, तो या पल्ल्याच्या बाहेर पडला. थोडा फायदा असेलही, नसेलही, ते या टेस्टला कळणार नाही. खर्च भरून निघेल एवढा बहुतेक नाही.

जाहिरात_जुळेसोलापूर
फोटो नका काढू, पण फुटांतलं माप लिहायला कुठे खर्च आहे? ते तेवढं सगळ्या पानांवर लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे प्रश्न तरी कमी होतील.

शून्यगृहीतक
हे मला पटतं. फक्त त्या दोन बदलांतलं कोणतं काय करतं हे आपण तपासलेलं नाही, एवढं लक्षात असू दे.

अक्कलकोटरोड_लूम
पोरा, या ऑर्डरींत घरी माल आल्यावर पैसे देणारे किती? आमच्या ओळखीत एकाचा निम्मा माल "नको" म्हणून परत येतो. ऑर्डर आली म्हणजे विक्री झाली असं मी धरत नाही.

विणकर_पूर्वभाग
निम्म्याहून जास्त तसलेच आहेत काका. परत आलेले पार्सल ए-बी प्रमाणे वेगळे काढलेले नाहीत. माप दिसल्यामुळे बीचे कमी परत आले असतील तर?

शून्यगृहीतक
असू शकतं, आणि तो प्रश्न चांगला आहे. शेवटच्या आठवड्याची पार्सलं अजून वाटेत असतील, ती सगळी पोचेपर्यंत किंवा परत येईपर्यंत मोजू नका. पण हा निकष आपण आधी ठरवलेला नव्हता. त्यातून जे दिसेल ते पुढच्या टेस्टचं कारण म्हणून धरा, या टेस्टचा निकाल म्हणून नको.

पायथॉन_विजापूररोड
ऑर्डर नंबरांची यादी द्या, कुरियरच्या शीटला जोडून देतो. पोचलेल्या ऑर्डरींवर सॅम्पल किती लागेल तेही काढू, दर ३% च्या खाली येणार म्हणजे ३५ दिवस पुरायचे नाहीत.